फोटोचं पेन्सिल स्केच भागाकारातून होतं आणि कॉमिक वजाबाकीतून: रेषा आणि ठिपके नक्की कुठून येतात

बहिणीचा एक फोटो आहे माझ्याकडे, खिडकीशेजारी खुर्चीत बसून पुस्तक वाचतेय, केस मोकळे काळेभोर, अंगात बारीक चेक्सचा शर्ट, मागे फिकट भिंत आणि खुर्चीखाली गडद सावली. या एकाच फोटोवर मी इतके प्रयोग केलेत की त्यातला प्रत्येक कोपरा आता पाठ झालाय, आणि स्केच किंवा कॉमिक करताना जे जे बिघडू शकतं ते सगळं यात बिघडतं, म्हणून समजावून सांगायला हाच घेते.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. आपण चित्र काढतो तेव्हा हे नाक, हा गाल, ही शर्टाची कॉलर असं बघून रेष काढतो. फिल्टरला यातलं काहीच कळत नाही. त्याच्यासमोर फक्त आकडे असतात, प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र, आणि शेजारशेजारच्या आकड्यांत जिथे फरक दिसेल तिथे तो रेष ओढतो. म्हणजे गालाची कड आणि शर्टावरचा चेक्स त्याच्या लेखी अगदी सारखेच, उलट चेक्स जास्त महत्त्वाचे कारण तिथे फरक जास्त. पुढची सगळी मेहनत ही फिल्टरला "इथला फरक बघ, तिथला सोड" हे आकड्यांच्या भाषेत सांगण्याची आहे.

आधी पेन्सिल स्केच. Photoshop मधली जुनी युक्ती बऱ्याच जणांनी केली असेल, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, त्याची कॉपी घ्यायची, कॉपी उलटी म्हणजे निगेटिव्हसारखी करायची, तिला Gaussian Blur द्यायचा आणि लेयरचा मोड Color Dodge करायचा, की पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढल्यासारखं चित्र समोर येतं. मी कित्येक महिने हे मंत्र म्हटल्यासारखं करत होते, का होतं ते माहीत नव्हतं. आत बघितलं तर अगदी साधं निघालं. Color Dodge पांढऱ्याला १ धरून खालच्या लेयरला (१ वजा वरचा लेयर) याने भागतो. वरचा लेयर आपण आधीच उलटा करून ठेवलाय, म्हणजे तो स्वतःच १ वजा काहीतरी आहे, मग १ मधून तो वजा केला की उलटं सुलटं होऊन उरतो फक्त मूळ फोटोचा ब्लर. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून आपण एकच गोष्ट करतोय: प्रत्येक पिक्सेलला त्याच्या आजूबाजूच्या सरासरीने भागतोय. पायथनमध्ये OpenCV वापरत असाल तर तेच एवढंच होतं:

```python
import cv2
import numpy as np

img = cv2.imread("photo.jpg")
img = cv2.resize(img, (1600, 1200), interpolation=cv2.INTER_AREA)
gray = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2GRAY)
blur = cv2.GaussianBlur(gray, (0, 0), 8)
pencil = cv2.divide(gray, blur, scale=255)
```

आता हा भागाकार आकडे घालून बघूया, कारण सगळी गंमत तिथेच आहे. भिंत २०० आहे असं धरा आणि केस ४०. भिंतीच्या मधोमध आजूबाजूला सगळीकडे २००च, त्यामुळे सरासरी २००, आणि २०० भागिले २०० म्हणजे १, म्हणजे पांढरा. केस आणि भिंत जिथे भेटतात त्या कडेवर सरासरी दोन्हींच्या मध्ये येते, १२०. भिंतीच्या बाजूचा पिक्सेल २०० भागिले १२०, हे १ च्या वर जातं, पण पांढऱ्याच्या वर काही नसतं म्हणून तोही पांढराच राहतो. केसांच्या बाजूचा पिक्सेल मात्र ४० भागिले १२०, म्हणजे एक तृतीयांश, २५५ च्या मापात ८५, चांगला गडद ग्रे. झाली रेष. आणि ती कायम कडेच्या गडद बाजूलाच पडते, उजेडाच्या बाजूला कधीच नाही. हळूहळू आत जावं तशी सरासरी ४० कडे सरकते आणि रेष फिकी होत जाते, म्हणून ती पेन्सिलीसारखी एका बाजूने विरलेली दिसते. ब्लर जितका मोठा तितकी ती विरण्याची जागा रुंद, वरच्या कोडमधला तो 8 म्हणजे पेन्सिलीचं टोक किती बोथट आहे त्याचा आकडा समजा. ३ ठेवलात तर टोकदार, २० ठेवलात तर कोळशाने घासल्यासारखं.

पण आता केसांच्या अगदी आत जा. तिथे आजूबाजूला सगळे ४०, सरासरी ४०, आणि ४० भागिले ४० म्हणजे पुन्हा १. पांढरा! काळेभोर केस कागदासारखे पांढरे. बहिणीने पहिलं स्केच बघितलं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, माझे केस पिकलेले का दाखवलेस. आणि मी ब्लर कमीजास्त करत बसले, तर त्याने हे सुटणारच नव्हतं, कारण भागाकाराला "किती काळं आहे" हे माहीतच नसतं, "शेजाऱ्यांपेक्षा किती काळं आहे" एवढंच माहीत असतं. उपाय साधा आहे, मूळ ग्रे फोटो थोडा हलका करून या स्केचवर Multiply मोडमध्ये ठेवायचा, साधारण ३० टक्के ओपॅसिटीने, म्हणजे केसांना आणि सावलीला थोडी शेड परत मिळते आणि रेषा तशाच राहतात.

भागाकाराची दुसरी खोड सावलीत दिसते. खुर्चीखाली अंधार आहे, तिथे आकडे ९, १२, १४ असे, कॅमेऱ्याचा नॉइज म्हणून किंचित इकडे तिकडे. सरासरी १२ धरा, तर ९ वाला पिक्सेल ९ भागिले १२, म्हणजे पाऊण, १९१. स्पष्ट दिसणारा ग्रे ठिपका. तोच तीनचा फरक भिंतीवर असता, १९७ भागिले २००, तर २५१ आला असता, कोणाला दिसलाही नसता. म्हणजे भागाकार अंधारातला कचरा अनेक पटींनी मोठा करून दाखवतो, आणि म्हणून रात्री घरातल्या दिव्यात काढलेल्या फोटोंचं स्केच वाळू टाकल्यासारखं येतं. तुमच्या स्केचमध्ये सावलीच्या जागी रेती आणि उजेडाच्या जागी स्वच्छ कागद असं दिसलं तर कारण हेच, दुसरं शोधू नका. भागण्याआधी दोन्हीकडे २०-३० मिळवले की बरंच आटोक्यात येतं, २९ भागिले ३२ मग काही फार होत नाही (९ चे २९ होतील, १२ चे ३२, तरी २३१ येतो, चालण्यासारखा).

आता कॉमिक. कॉमिकची रेष पेन्सिलीची नाही, शाईची असते. ती एकतर असते किंवा नसते, कुठे जाड कुठे बारीक, आणि केस, सावली, बुबुळ हे सपाट काळ्याने भरलेले. इथे बरेच जण पहिल्यांदा Canny वापरतात कारण एज डिटेक्शन शोधलं की तेच नाव समोर येतं. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत, आणि मोजमापासाठी ती अजूनही उत्तम आहे, पण ती मुद्दाम प्रत्येक कड एका पिक्सेलच्या रेषेपर्यंत बारीक करते. त्यामुळे चेहरा तारेने वळवून केल्यासारखा दिसतो, सगळीकडे सारखीच जाडी. यंत्राला वस्तूची कड नेमकी कुठे आहे हे हवं असतं तिथे हा गुण आहे, चित्रात मात्र नको. सोबेल त्याच्याहून जुना, त्यात जाडी मिळते, पण तो कडेच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि हलक्या फरकालाही ग्रे धूसर पट्टा देतो, शाई वाटत नाही.

शाईसाठी मी वापरते ती वजाबाकी. फोटोला दोन ब्लर द्यायचे, एक लहान आणि एक त्याच्या १.६ पट, आणि लहानातून मोठा वजा करायचा. हा १.६ आकडा मार आणि हिल्ड्रेथ यांच्या १९८० च्या डोळा कडा कशा ओळखतो यावरच्या कामातून आला. सपाट जागी दोन्ही ब्लर सारखेच, वजाबाकी शून्य. कडेच्या गडद बाजूला लहान ब्लर जास्त गडद राहतो कारण त्याने उजेड कमी ओढून घेतलाय, म्हणून उत्तर शून्याच्या खाली जातं, तिथे शाई ओतायची. आणि वजाबाकी असल्यामुळे अंधारातला तीनचा फरक तीनचाच राहतो, खुर्चीखालची रेती इथे येतच नाही.

पण नुसत्या वजाबाकीलाही केस पांढरेच दिसतील, तिथेही आत फरक शून्यच ना. म्हणून २०१२ मध्ये विन्नेमोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सुधारलेली पद्धत सविस्तर लिहिली, XDoG म्हणतात तिला, ती मला फार आवडते कारण त्यात केलंय एवढंच की त्या फरकाला एका आकड्याने गुणून मूळ ब्राइटनेसमध्ये मिळवलाय:

```python
g = gray.astype(np.float32) / 255
a = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 1.4)
b = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 1.4 * 1.6)
s = a + 18 * (a - b)
ink = np.where(s > 0.3, 1, 1 + np.tanh(10 * (s - 0.3)))
```

आता केसांच्या आत फरक शून्य, पण मूळ ब्राइटनेस ४० भागिले २५५ म्हणजे ०.१६, तो ०.३ च्या खाली, म्हणून काळा. गालावर ब्राइटनेस ०.६ च्या आसपास, फरक जवळपास शून्य, म्हणून पांढरा. आणि केस-भिंतीच्या कडेवर फरक साधारण उणे ०.०७, त्याला १८ ने गुणलं की ०.३ च्या कितीतरी खाली, म्हणून ठळक रेष. एकाच ओळीत रेषाही मिळाल्या आणि काळं भरणंही. शेवटचा तो tanh कापण्याची कड थोडी मऊ करतो, नाहीतर रेषेच्या कडा करवतीसारख्या दातेरी येतात.

यातले तीन आकडे हाताने फिरवून बघायचे. १.४ म्हणजे निबची जाडी. १८ म्हणजे किती हलक्या फरकाला रेष मानायचं. ०.३ म्हणजे कुठल्या अंधाराला सरळ काळं भरायचं. चेहऱ्यावर हे फार जपून करावं लागतं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी हलकी घडी असते ना, फोटोत ती दिसतही नाही, शेजारच्या गालापेक्षा ८-१० टक्केच गडद असते. १८ ला ती ०.३ च्या जरा वर राहते, म्हणजे पांढरी. मी एकदा ३५ केलं, शर्टाच्या घड्या अजून छान येतील म्हणून, तर ती घडी शाईची झाली आणि बहीण वीस वर्षांनी मोठी दिसायला लागली. डोळ्यांखालीही तसंच. हाताने काढणारा चित्रकार तरुण चेहऱ्यावर मुद्दाम रेषा टाळतो ते यासाठीच, पांढऱ्यावर काळी रेष म्हटली की हलकं-गडद असं काही उरत नाही, सुरकुतीच होते. म्हणून आता मी दोनदा चालवते, चेहऱ्यासाठी १२-१४ ने आणि बाकीसाठी २० ने, आणि मऊ ब्रशने मास्क काढून दोन्ही जोडते. दहा मिनिटं लागतात, पण माणूस ओळखू येतो.

शाईच्या आधी एक पायरी असते जी लोक गाळतात आणि मग फिल्टरला दोष देतात. फोटो आधी सपाट करून घ्यायचा, पण कडा न विरघळवता. साधा ब्लर सगळ्या शेजाऱ्यांची सरासरी काढतो म्हणून कडाही जातात. बायलॅटरल फिल्टर, टोमासी आणि मंडुची यांचा १९९८ चा, तो फक्त रंगाने जवळ असलेल्या शेजाऱ्यांची सरासरी काढतो. गालावरचा पिक्सेल गालाशीच मिसळतो, बाजूच्या केसांना विचारतच नाही. एकदाच जोरात चालवण्यापेक्षा हलक्या हाताने चार वेळा चालवलेला मला बरा वाटतो, त्वचेचा पोत, भिंतीवरचे डाग, नॉइज सगळं बसतं आणि कडा शाबूत राहतात:

```python
for _ in range(4):
    img = cv2.bilateralFilter(img, 9, 40, 9)
gray = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2GRAY)
```

हे resize नंतर आणि शाईच्या आधी. resize नंतरच का, कारण हे सगळे आकडे पिक्सेलमध्ये आहेत. फोनचा ४००० पिक्सेल रुंद फोटो थेट घेतलात तर १.४ ची रेष त्यात केसासारखी बारीक होते आणि फिल्टर त्वचेची छिद्रं आणि स्वेटरचे धागे शोधत बसतो. आधी शेवटी किती मोठं चित्र हवंय ते ठरवा, त्या मापाला आणा, मग फिल्टर.

चेक्सच्या शर्टाला मात्र बायलॅटरल काही करू शकत नाही, कारण चेक्सच्या पट्ट्यांत खरोखरच मोठा फरक आहे, फिल्टरला त्या कडाच वाटणार आणि चुकीचंही नाही ते. शर्टावर जाळं टाकल्यासारखं झालं होतं आणि हाताची आउटलाइन त्यात बुडाली होती. मी शेवटी शर्टापुरता मास्क काढला आणि त्या भागात चेक्सच्या चौकोनापेक्षा मोठा मीडियन ब्लर दिला, म्हणजे चेक्स गेले आणि बाह्यांच्या मोठ्या घड्या तेवढ्या राहिल्या. शर्ट साधा झाला, त्याचं मला वाईट वाटलं, पण चित्र वाचता येऊ लागलं.

उलटाही घोटाळा होतो, कड डोळ्याला दिसते आणि फिल्टरला दिसत नाही. फोटो ग्रे करताना लाल, हिरवा, निळा यांचं ०.२९९, ०.५८७, ०.११४ या प्रमाणात मिश्रण होतं. बहिणीच्या हातातलं पुस्तक लाल, मागे हिरवा पडदा. लाल साधारण २००, ४०, ४० आणि हिरवा ४०, १२०, ४८ असा धरला तर गणित करून बघा, दोन्हींचा ग्रे ८८ येतो. अगदी सारखा! पुस्तक पडद्यात गायब. अशा वेळी ग्रे ऐवजी नुसतं लाल चॅनल घ्यायचं, तिथे २०० विरुद्ध ४० असा लख्ख फरक आहे. कुठली वस्तू चित्रातून अचानक नाहीशी झाली असेल तर तीनही चॅनल वेगवेगळे उघडून बघा, एकात तरी ती सापडतेच.

आता ठिपके. छापखान्याची अडचण अशी की मशिनकडे शाई एकच, काळी, फिकट काळी असं काही नाही. मग ग्रे दाखवायचा कसा, तर काळे ठिपके लहानमोठे करून, दुरून डोळाच ते मिसळून घेतो. ४ मार्च १८८० ला न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिकमध्ये असा हाफटोन फोटो छापला गेला. जुन्या कॉमिकमधले ठिपके मात्र याहून वेगळे, बेंजामिन हेन्री डे ज्युनियर यांच्या १८७९ च्या पद्धतीवरून त्यांना बेन-डे ठिपके म्हणतात. हाफटोनमध्ये सावली वाढेल तसा ठिपका वाढतो, बेन-डेमध्ये एका रंगाच्या पट्ट्यात सगळे ठिपके एकाच मापाचे. हा फरक मनात धरला तर तुमचं चित्र वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं दिसेल की कॉमिकसारखं, हे तुमच्या हातात येतं. कॉमिक हवं असेल तर ठिपके पाडण्याआधी फोटोच्या टोनचे तीनचारच टप्पे करा, सगळं सपाट, मग ठिपके आपोआप एका मापाचे येतात.

ठिपके पाडायचे कसे? चित्रावर लाटांचं एक जाळं कल्पून बघा, अंड्यांच्या ट्रेसारखं, उंचवटा-खड्डा-उंचवटा. फोटोचा टोन म्हणजे पाण्याची पातळी. पाण्याच्या वर जेवढं टोक निघेल तेवढं काळं. टोन ०.९, म्हणजे फिकट जागा, तर पाणी भरपूर आणि फक्त शेंडे वर, म्हणजे बारीक ठिपके. टोन ०.५ ला बुद्धिबळाच्या पटासारखं अर्धंअर्धं. टोन ०.१ ला जवळपास सगळंच वर, काळ्यात पांढरी छिद्रं.

```python
h, w = gray.shape
p = 8
y, x = np.mgrid[0:h, 0:w]
t = np.deg2rad(45)
u = x * np.cos(t) + y * np.sin(t)
v = -x * np.sin(t) + y * np.cos(t)
wave = 0.5 + 0.25 * (np.cos(2*np.pi*u/p) + np.cos(2*np.pi*v/p))
tone = (gray / 255.0) ** 1.8
dots = (tone > wave).astype(np.float32)
```

४५ अंश यासाठी की आडव्या-उभ्या रांगा डोळ्याला पटकन खुपतात, तिरक्या कमी. चार रंगांत छापतात तेव्हा काळा ४५ ला, निळसर सायन १५ ला, मजेंटा ७५ ला आणि पिवळा ० ला ठेवायची पद्धत आहे. तीन गडद रंगांमध्ये तीस-तीस अंश पडतात, म्हणजे जाळ्या एकमेकांवर चढून लाटालाटांचे डाग कमी पडतात, आणि पिवळा तसा बाकीच्यांच्या फार जवळ येतो पण इतका फिका की त्याचे डाग कोणाला दिसत नाहीत.

कोडमधल्या tone च्या ओळीतला 1.8 बघून थांबला असाल तर बरं केलंत, तिथे मी स्वतः खूप दिवस अडकले होते. तो नसेल तर ठिपक्यांचं चित्र मूळ फोटोपेक्षा फिकट, धुतल्यासारखं दिसतं, आणि कळतच नाही का. कारण असं की स्क्रीनवरचा १२८ म्हणजे अर्धा उजेड नव्हे. १२८ चा पिक्सेल पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच उजेड फेकतो. पण आपण १२८ ला अर्धी जागा काळी अर्धी पांढरी केली तर डोळ्यात खरोखर ५० टक्के उजेड येतो, दुपटीहून जास्त. म्हणजे त्या जागी पांढरं फक्त २२ टक्केच उरायला हवं. सरळ हिशोबाने घात २.२ हवा, पण आपल्या या लाटेचे शेंडे गोल असल्यामुळे ती स्वतःच थोडी मदत करते, १.८ ला बरोबर तिथेच येऊन पोचतं. खात्री करायची असेल तर मूळ ग्रे फोटो आणि ठिपके शेजारी ठेवा, पाचसहा पावलं मागे जा, डोळे किलकिले करा, दोन्ही सारखे गडद दिसायला हवेत. हे सगळं स्क्रीनसाठी. कागदावर छापणार असाल तर शाई पसरून ठिपके आपोआप फुगतात, तिथे हा आकडा कमी करावा लागतो, छोटा तुकडा छापून बघूनच.

आणि ठिपके सगळीकडे टाकू नका हो. चेहऱ्याच्या खिडकीकडच्या उजेडातल्या बाजूवर बारीक ठिपके आले की गोवर आल्यासारखं दिसतं. मी tone ०.५५ च्या वर असेल तिथे सरळ पांढरा करून टाकते (मूळ फोटोत साधारण १८० च्या वरचं सगळं), म्हणजे ठिपके फक्त मधल्या सावलीत राहतात, हनुवटीखाली, गालाच्या आतल्या बाजूला, शर्टाच्या घडीत. गडद भाग तर शाईनेच भरलाय. पांढरा, ठिपके, काळा, बस एवढेच तीन. मग शेवटी ink आणि dots एकमेकांशी गुणायचे, जिथे कुठल्याही एकात काळं तिथे काळं. रंगीत हवं असेल तर बायलॅटरलमधून आलेला सपाट रंगीत फोटो थोडा उजळ करून त्यानेही गुणायचं.

p = 8 म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर. १६०० रुंदीच्या चित्रात ते छान दिसतं. तेच चित्र फोनवर ४०० रुंदीत दिसलं तर अंतर उरतं २ पिक्सेल, ठिपका म्हणून काही राहतच नाही, आणि बऱ्याचदा भिंतीवर रुंद धूसर लाटा दिसायला लागतात ज्या मूळ चित्रात नव्हत्याच. त्याला मॉयरे म्हणतात, तुमच्या ठिपक्यांची जाळी आणि स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी यांची टक्कर. हे दिसलं की कोडमध्ये चूक शोधू नका, चित्र १०० टक्के झूमला बघा, तिथे लाटा नसतील तर दोष फक्त लहान करण्याचा आहे. उपाय एकच, लहान चित्र हवं असेल तर मूळ फोटो लहान करून ठिपके नव्याने पाडायचे, पाडलेले ठिपके लहान करायचे नाहीत. आणि p ४ च्या खाली नेऊ नका, ४ गुणिले ४ म्हणजे एका ठिपक्याला सोळाच पिक्सेल, त्यात गोल आकार बसत नाही, चौकोनी खडे दिसतात. गुळगुळीत गोल हवे असतील तर चित्र आणि p दोन्ही चौपट करून ठिपके पाडा आणि मग नेमकं एक चतुर्थांश करा INTER_AREA ने. लहान करायला चालतं ते एवढंच, कारण इथे पूर्ण चारने भाग जातो आणि शेवटी p ८ च उरतो.

सेव्ह करताना PNG. JPEG चित्राचे ८ गुणिले ८ चे चौकोन करून दाबतं आणि काळ्यापांढऱ्याच्या धारदार कडांभोवती घाणेरडी झालर सोडतं, हजारो ठिपके म्हणजे हजारो झालरी. याच कारणासाठी मूळ फोटोसुद्धा चॅटवरून आलेला घेऊ नका, फोनमधलीच फाइल घ्या. चॅटमधल्या दाबलेल्या फोटोवर मी शाईचा फिल्टर चालवला तेव्हा भिंतीवर फरशा बसवल्यासारख्या हलक्या आडव्या-उभ्या रेषा आल्या होत्या, मोजल्या तर बरोबर आठआठ पिक्सेलवर. तो फोटो आधी लहान केला नव्हता म्हणून मोजता तरी आलं, लहान केल्यावर त्या फरशांचं माप बदलतं आणि मग त्या खऱ्या भिंतीच्याच भेगा वाटतात.